सेंटिमीटरचा इन्साफ फक्त गोलकीपरलाच का?

पेनल्टी अडवली की गोलकीपर आधी रेफरीकडे पाहतो. जल्लोष नंतर. कानातल्या यंत्रावरून काय निरोप येतो, व्हिडिओ खोलीत बसलेला पंच त्याचा पाय कुठे होता ते तपासतोय का, हे कळल्याशिवाय त्याला आनंदसुद्धा करता येत नाही. पेनल्टी मारणाऱ्याला मात्र अशी वाट क्वचितच पाहावी लागते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. रेषेच्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तो नियम ज्या फूटपट्टीने लावला जातो, ती एकाच खेळाडूसाठी का, एवढाच माझा सवाल आहे.

आधी नियम समजून घेऊ. १९९७ पूर्वी पेनल्टी मारली जाईपर्यंत गोलकीपरला पाय हलवायचीही मुभा नव्हती. १९९७ मध्ये रेषेवरच डावी-उजवीकडे सरकायची परवानगी मिळाली. २०१९ पासून दोन्हींऐवजी एकच पाय पुरेसा ठरला. चेंडूला लाथ बसते त्या क्षणी एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर हवा. पाय हवेत असला तरी चालतो, पण तो रेषेच्या सरळ वर हवा. पुढे रेषेच्या मागे असलेला पायही चालेल, अशी दुरुस्ती झाली. म्हणजे कागदावर नियम सैल होत गेला.

मग बोंब कुठे झाली? सैल नियम आला त्याच वर्षी त्याला व्हिडिओची करडी नजर मिळाली. त्याआधी अनेक वर्षं या नियमाकडे कानाडोळा व्हायचा. २००५ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये इस्तंबूलला लिव्हरपूलच्या येर्झी दुदेकने पिर्लोची पेनल्टी अडवली, तेव्हा तो रेषेपासून बराच पुढे आला होता. निकाल कायम राहिला. १९९९ च्या महिला विश्वचषक फायनलमध्ये अमेरिकेच्या ब्रियाना स्करीने चीनच्या लिऊ यिंगची पेनल्टी अडवली, तीही पुढे येऊनच. तिथेही कुणी शिट्टी वाजवली नाही. ढिलाईचं हे टोक चुकीचंच होतं. पण त्यावरचा उपाय म्हणून आपण थेट दुसऱ्या टोकाला गेलो.

२०१९ चा महिला विश्वचषक आठवा. १७ जूनला फ्रान्स विरुद्ध नायजेरिया. ०-० असताना फ्रान्सला पेनल्टी मिळाली. वेंडी रेनारने मारलेला चेंडू खांबाला लागून गेला. गोलकीपर चियामाका नाडोझी तेव्हा अवघी अठरा वर्षांची. तिचा हातही चेंडूला लागला नव्हता. पण व्हिडिओत दिसलं की तिचा पाय रेषेच्या पुढे होता. पेनल्टी पुन्हा मारायला लावली, रेनारने या वेळी गोल केला आणि फ्रान्स १-० ने जिंकला. दोनच दिवसांनी स्कॉटलंडची ली अलेक्झांडर. अर्जेंटिनाविरुद्ध ३-० ची आघाडी ३-२ वर आली होती. जादा वेळेत तिने पेनल्टी अडवली, पण ती रेषेपुढे आल्याचा निर्णय झाला. दुसऱ्या प्रयत्नात गोल झाला, सामना ३-३ सुटला आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर पडला.

या दोन घटना वरवर सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. नाडोझीच्या पायाने रेनारच्या फटक्यात काय फरक पडला? चेंडू रेनारने खांबावर मारला होता. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळालाही हे पटलं. २०२० मध्ये त्यांनी नियम बदलला. चेंडू बाहेर गेला किंवा गोलकीपरचा हात न लागता खांबाला लागून परतला, तर गोलकीपरच्या पुढे येण्याचा मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला असेल तरच पेनल्टी पुन्हा. म्हणजे आजच्या नियमाने रेनारला दुसरी संधी मिळणं अवघड होतं. नायजेरियाला त्याचा काय उपयोग, हा भाग वेगळा.

२०२४ मध्ये हेच तत्त्व बाकीच्या खेळाडूंना लागू झालं. लाथ बसण्याआधी कुणी पेनल्टी क्षेत्रात घुसला, तर त्याचा खेळावर परिणाम झाला का, हे आधी पाहायचं. झाला नसेल तर सोडून द्यायचं. मग अलेक्झांडरसारख्या गोलकीपरला हाच न्याय का नाही? तिने चेंडू अडवला म्हणून? अडवला की पुढे येण्याचा फायदा झालाच, असं नियम गृहीत धरतो.

हे गृहीतक मोजून पाहा. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर, गोलाची रुंदी ७.३२ मीटर. मधोमध उभ्या गोलकीपरपासून प्रत्येक खांब ३.६६ मीटरवर. तो एक मीटर पुढे आला तर कोपऱ्यात जाणारा चेंडू अडवायला त्याला साधारण ३.३३ मीटरच झेप घ्यावी लागते. ३३ सेंटिमीटरचा फायदा. हा मोठा आहे, म्हणूनच रेषेचा नियम हवा. पण तो २० सेंटिमीटर पुढे असेल तर फायदा जेमतेम सात सेंटिमीटरचा. शिवाय चेंडू त्याच्यापर्यंत लवकर पोहोचतो, म्हणजे वेळेत थोडा तोटाच. पाच सेंटिमीटर पुढे असेल, तर फायदा दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

आता मोजणाऱ्या फूटपट्टीकडे पाहा. प्रक्षेपणात सेकंदाला ५० चित्रं धरली, तर दोन चित्रांत सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. झेप घेणाऱ्याचा पाय सेकंदाला तीन मीटर वेगाने सरकत असेल, तर तेवढ्यात तो सहा सेंटिमीटर पुढे जातो. लाथ बसली तो क्षण कोणत्या चित्रात पकडायचा, यावरच निकाल फिरू शकतो. जी पट्टी सहा सेंटिमीटर इकडेतिकडे दाखवू शकते, तिने दोन-चार सेंटिमीटरचा गुन्हा सिद्ध करायचा?

दुसऱ्या बाजूला मारणारा बघा. धावता धावता तो थबकू शकतो, वेग तोडू शकतो, हुलकावणी देऊ शकतो. नियमाने हे चालतं. धाव संपल्यावर, लाथ मारण्याच्या क्षणी दिलेली हुल मात्र चालत नाही. या थबकण्याचा हेतू एकच असतो, गोलकीपरचा पाय आधी हलवायचा. ज्याला फसवायची सूट दिली, त्याच्या फसवणुकीने दुसऱ्याचा पाय सुटला, तर शिक्षा फसलेल्याला.

कुणी म्हणेल, रेषा ही रेषा, ऑफसाइडसारखी. पुढे आहे किंवा नाही. दिसायला हा युक्तिवाद सरळ आहे. पण मंडळानेच २०२० आणि २०२४ मध्ये परिणामाचा निकष आणून पेनल्टीत ‘रेषा म्हणजे रेषा’ हे तत्त्व सोडून दिलंय. ते फक्त चेंडू अडवणाऱ्यापुरतं शिल्लक ठेवायला आता आधार उरत नाही.

माझी मागणी मोठी नाही. रेषेचा नियम राहू द्या. अडवलेली पेनल्टी पुन्हा मारायला लावायची, तर गोलकीपरचा मागचा पाय रेषेच्या पुढे असल्याचं चित्र न गोठवता, साध्या वेगात, मैदानावरच्या पंचाला दिसलं पाहिजे. दुदेकसारखी मीटरभर झेप कुणालाही दिसते, ती जरूर रोखा. जे डोळ्यांना दिसत नाही, ते फसवणूक म्हणून मोजू नका. आणि मोजायचंच असेल, तर मारणाऱ्याची शेवटची हुलही तितक्याच बारकाईने, चित्र थांबवून मोजा. मग बघू, किती गोल टिकतात.