आरोग्यविचार : पिकलेला मोतीबिंदू आणि स्वस्त शस्त्रक्रिया



आमच्या परिचयातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना धान्य निवडताना त्यातील जीव दिसेनासे झाले, तेव्हा कुठे त्या नेत्रतज्ज्ञांकडे गेल्या. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ या जुन्या समजुतीने दोन वर्षे गेली होती आणि नेत्रमणी तपकिरी व कठीण झाला होता. तज्ज्ञांनी फेकोऐवजी एसआयसीएस, म्हणजे हाताने करावयाची लहान छेदाची शस्त्रक्रिया सुचविली. आडत दुकान सांभाळणारा मुलगा म्हणाला, “पैशांचा प्रश्न नाही, डॉक्टरसाहेब. आईला स्वस्तातले नको.”

येथेच गैरसमज आहे. फेकोमध्ये सुमारे अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून सुई आत घालतात आणि ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचे तुकडे करून ते शोषून घेतात. मणी जितका कठीण, तितकी ही ऊर्जा अधिक लागते. तिच्यामुळे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याच्या आतील पेशी मरतात व त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. फार पेशी गेल्यास पडदा सुजून धूसर होतो. एसआयसीएसमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरकस बोगदा करून मणी अखंड बाहेर काढतात. बोगदा आतील दाबानेच मिटतो. सहसा टाका लागत नाही.

खर्च कमी असतो तो महागडे यंत्र व त्याचे सुटे साहित्य लागत नाही म्हणून. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. रुग्णालयास फेकोचा खर्च अडीच पटींहून अधिक आला. सहा आठवड्यांनंतर चष्म्याविना समाधानकारक दृष्टी फेकोच्या सुमारे ८१ टक्के, तर एसआयसीएसच्या ७१ टक्के रुग्णांना होती. चष्म्यासह मात्र दोन्हींकडे ९८ टक्के!

हा फरक मोठ्या छेदाचा आहे. त्यामुळे डोळ्याची वक्रता थोडी बदलते, लाली काही दिवस अधिक राहते आणि चष्म्याचा अंतिम क्रमांक सुमारे सहा आठवड्यांनी घ्यावा लागतो. मोतीबिंदू मऊ असेल आणि दुकानाच्या कामावर लवकर परतायचे असेल, तर फेको सरस. कुशल हात कठीण मोतीबिंदूही फेकोने काढतात. म्हणून तज्ज्ञांना दोनच गोष्टी विचाराव्यात : मणी किती कठीण आहे, आणि अशा डोळ्यावर आपला हात कोणत्या पद्धतीत अधिक बसलेला आहे?

आजींनी एसआयसीएस करून घेतली. दृष्टी घटली वा वेदना वाढली तर त्याच दिवशी या, असे बजावून त्यांना घरी पाठविले. तशी वेळ आली नाही. दीड महिन्याने चष्मा मिळाला आणि धान्याचे सूप पुन्हा त्यांच्या हाती आले.