आधी माळा, मग सोफा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या शिरोळात रंगारी मिळेनासे होतात आणि गल्लीत सोफ्यांचे टेम्पो शिरू लागतात. परवा शेजारच्या वहिनींकडे असाच एक सोफा उतरला: साडेसहा फूट लांब, तीन फूट खोल. खोली १० बाय १२ ची, आणि तिथं दिवाण, लोखंडी कपाट, बंद पडलेलं शिवणयंत्र आणि लग्नातला शोकेस आधीच ठाण मांडून बसलेले! सोफा कसाबसा बसला, पण आता कपाटाचं दार निम्मंच उघडतं. माझं मत सरळ आहे, खरेदीआधी खोली साफ रिकामी करा, रंग द्या आणि वर्षभरात हात लागलेली वस्तूच परत आत घ्या. मग सोफ्याच्या मापानं जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून दोन दिवस वावरा. बाजूनं अडीच फूट वाट उरली नाही तर माप मोठं आहे. निवड कशी करायची, हे कृष्णा-पंचगंगेकाठच्या माणसांना शिकवायला नको. २००५, २०१९, २०२१ च्या महापुरांत काय आधी माळ्यावर न्यायचं, हे घरोघरी ठरवावंच लागलं: कागदपत्रं, धान्य, देव, गाद्या. शोकेसमधली बाहुली कुणाच्याच यादीत नव्हती. भुशाच्या दाबीव फळ्यांचं फर्निचर तर पाण्यानं फुगून वाया जातं, तेव्हा ते घेऊच नका. आणि वहिनी, ते शिवणयंत्र आधी दुरुस्त करा, नाहीतर गरजवंताला देऊन टाका.