बॉल तळपायाखाली, फरक मांडीत?

परवा जिममध्ये ट्रेनरने मला गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायला सांगितले. माझे हात नडगीवरच अडकले. मग त्याने एक टेनिस बॉल दिला. दोन मिनिटं दोन्ही तळपाय त्यावर घोळवले, पुन्हा वाकले, तर हात चांगले दोन बोटं खाली! ‘फॅशिया, मॅडम! तळपायापासून कपाळापर्यंत एकच पट्टा. एक टोक मोकळं केलं की सगळं सुटतं,’ असं म्हणत त्याने तीन महिन्यांच्या ‘फॅशिया पॅकेज’चा फॉर्म पुढे केला.

सही करण्याआधी मी जरा वाचायला बसले.

चिकन साफ करताना मांसावर जो पांढरट पातळ पडदा दिसतो ना, तोच फॅशिया. आपल्या स्नायूंभोवतीही तो असतो आणि शेजारच्या स्नायूंना जोडतो. थॉमस मायर्स यांनी २००१ च्या ‘अ‍ॅनाटॉमी ट्रेन्स’ या पुस्तकात त्याच्या साखळ्या मांडल्या. फ्रँकफर्टच्या यान विल्के आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये विच्छेदनाचे ६२ अभ्यास तपासले. तळपाय, पोटरी, मांडीची मागची बाजू आणि पाठ ही साखळी खरंच सलग सापडली. शरीराच्या पुढच्या बाजूच्या साखळीला मात्र पुरावा मिळाला नाही.

म्हणजे ट्रेनर निम्मा बरोबर! पण जोडलेलं असणं वेगळं आणि त्यातून कामापुरता जोर पोचणं वेगळं. अ‍ॅमस्टरडॅमच्या पीटर हाउजिंग यांनी उंदरांच्या एकाच स्नायूच्या दोन टोकांवरचा जोर मोजला, तर तो सारखा नव्हता. थोडा जोर शेजारी झिरपत होता. पण पुढे मांजरांच्या पोटरीवर प्रयोग झाले, तेव्हा पाय नेहमीच्या स्थितीत असताना ही गळती फारच किरकोळ निघाली.

मग माझी दोन बोटं आली कुठून? घरी मी फक्त उजवा तळपाय घोळवला. त्याआधी आणि नंतर भिंतीलगत उताणी झोपून, मैत्रिणीला एकेक पाय सरळ वर उचलायला लावला आणि भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. उजवा पाय वर गेला, आणि डावाही जवळजवळ तितकाच! डाव्याला तर बॉल लागलाही नव्हता. एका पायावर फोम रोलर फिरवला की दुसराही सैलावतो, हे अभ्यासांतही दिसलंय. पडदा सुटला असता तर फरक एकाच बाजूला हवा होता. त्यापेक्षा मज्जासंस्था ताण थोडा जास्त सहन करू देते, हे स्पष्टीकरण जास्त पटतं. शिवाय दुसऱ्यांदा वाकताना नुसत्या सरावानेही हात खाली जातो.

माझा एकटीचा प्रयोग म्हणजे काही संशोधन नव्हे. पण तुम्हीही करून बघा. आधी बॉलशिवाय दोनदा वाका, मग बॉल घ्या.

बॉल मी ठेवून घेतलाय, छान वाटतं. फॉर्म मात्र कोराच परत दिला.