माहिती आमची फुटली, मग सूचना कोणासाठी?

वस्तीतल्या बायांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीचा इंग्रजी मेसेज आला. मतितार्थ एवढाच, की काही माहितीवर परिणाम झाला असू शकतो. काय फुटले, कधी फुटले, आता काय करायचे, याचा पत्ता नाही. आम्ही विचारतो, ही सूचना की स्वतःचा बचाव?

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखालचे 2025 चे नियम सांगतात की, ज्याची माहिती फुटली त्याला साध्या भाषेत, विलंब न लावता कळवायचे. काय घडले, धोका कोणता, कंपनीने काय केले, त्याने काय करावे आणि कोणाला विचारावे, हे सगळे त्यात हवे. या तरतुदीची अंमलबजावणी पुढे ढकललेली आहे. पण खरे सांगायला तारीख कशाला लागते?

सूचना अशी हवी होती: ‘ताई, तुमचा आधार क्रमांक, जातीचा दाखला आणि अंगठा उठवलेल्या करारनाम्याची प्रत चोरीला गेली. बनावट ठशाने खात्यातून पैसे काढले जाऊ शकतात, म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. रेशनवर अंगठा लावण्याआधी ते तात्पुरते उघडावे लागेल. आमच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा, बँकेलाही कळवा.’

‘काही कागदपत्रे’ या शब्दांत जातीचा दाखला लपवू नका. पासवर्ड बदलता येतो. घरमालकापर्यंत पोहोचलेली जात परत मागे घेता येत नाही. जोखीम आमची आहे, तर तिचे नावही आम्हाला आमच्या भाषेत कळले पाहिजे.

जयभीम!