ओळ पुसली, पण चावी चालूच राहिली

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांचं एखाद्या पतसंस्थेत खातं आहे आणि ज्यांनी तिच्या ॲपवर आधारचा फोटो टाकलाय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका पतसंस्थेचा सचिव माझ्याकडे एक पत्र घेऊन आला. शाळेपासूनचा मित्र आहे. पत्र त्यांचं ॲप बनवणाऱ्या कंपनीचं होतं. "आमच्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून अनवधानाने काही तांत्रिक माहिती सार्वजनिक झाली होती. सदर माहिती तात्काळ काढून टाकण्यात आली असून संबंधितास कामावरून कमी करण्यात आले आहे." खाली सही, शिक्का.

मित्र म्हणाला, "विषय संपला ना रे?"

मी एकच विचारलं, "चावी बदलली का?"

त्याने माझ्यासमोरच कंपनीच्या साहेबांना फोन लावला. उत्तर आलं, "अहो, काढलीय ना ती. बदलायची गरज काय?"

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

आधी झालं काय ते सांगतो. सभासदांचे आधार, पॅन आणि फोटो ॲमेझॉनच्या क्लाउडवर एका फोल्डरमध्ये ठेवलेले. ॲपला ते वाचायला एक ॲक्सेस की लागते. मी तिला चावीच म्हणतो, कारण ती तेच काम करते. ज्याच्याकडे ती आहे तो आत जातो, माणूस कोण हे कुलूप विचारत नाही. ही चावी सीनियरने त्या पोराला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. पोरगं बावीस वर्षांचं, पहिली नोकरी. रात्री घरून काम करता यावं म्हणून त्याने स्वतःच्या गिटहब खात्यावर कोड चढवला. रेपो खाजगी करायचा राहिला आणि चावी कोडमध्येच लिहिलेली होती. अकरा दिवसांनी त्याच्या लक्षात आलं. त्याने ती ओळ पुसली, "removed key" असा शेरा लिहून कमिट केलं आणि प्रामाणिकपणे सीनियरला सांगितलं. बक्षीस म्हणून त्याची नोकरी गेली.

आता गिट म्हणजे काय ते समजून घ्या. गिट ही पाटी नाही, पुसलं की गेलं असं होत नाही. ती हिशेबाची वही आहे. चुकीची नोंद खोडली तरी खालचं वाचता येतं, कारण जुनं काहीही हरवू नये यासाठीच ती बनवलीय. तो रेपो अजून उघडाच होता. मी तो कुणालाही करता येईल तसा, पासवर्डशिवाय, उतरवून घेतला आणि एक आज्ञा दिली:

```
git log --all -p -S 'AKIA'
```

ॲमेझॉनच्या अशा चावीचा क्रमांक `AKIA` या अक्षरांनी सुरू होतो. ही अक्षरं ज्या ज्या कमिटमध्ये आली किंवा गेली, ती सगळी ही आज्ञा दाखवते. दोन कमिट आली. एकात चावीच्या ओळीपुढे अधिकचं चिन्ह, दुसऱ्यात वजाचं. चावी दोन्हीकडे पूर्ण वाचता येत होती. वरून "removed key" हा शेरा म्हणजे चोराला लावून दिलेली पाटीच, की इथे खणा.

मी चावी लावून पाहिली नाही, तो माझा अधिकार नाही. पण कंपनीने ती बंद केलेली नव्हती हे साहेबांनी फोनवर स्वतःच सांगितलं होतं. म्हणजे अकरा दिवस, आणि पत्र लिहून झाल्यावरचे आणखी चार, असे पंधरा दिवस सभासदांच्या कागदपत्रांची चालू चावी चव्हाट्यावर पडून होती.

कुणी म्हणेल, एवढ्या कोट्यवधी रेपोंमध्ये आपला कोण बघतो? बघायला माणूस लागत नाही. गिटहबवर उघडपणे काय चढतंय यावर सतत नजर ठेवणारे प्रोग्राम आहेत. चांगल्यांचे आहेत तसे चोरांचेही आहेत, आणि चावी सापडायला काही मिनिटं पुरतात. चांगल्यांचं इथेही काम झालं होतं. उघड्या रेपोत ओळखीची चावी दिसली की गिटहब ती देणाऱ्या कंपनीला कळवतं, आणि ॲमेझॉन खातेदाराला मेल करतं. तो मेल पहिल्याच दिवशी आला होता! पण क्लाउडचं खातं तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाच्या मेलवर काढलेलं. तो डबा कुणी उघडतच नव्हतं.

मग मित्राने विचारलं, "पण आपली कागदपत्रं कुणी नेली का ते तरी सांग." खरा घाव इथे आहे. सांगता येत नाही. चावी शेवटची कधी वापरली गेली ते ॲमेझॉन दाखवतं, पण फक्त शेवटची वेळ. आमचं ॲप तीच चावी दिवसभर वापरत असल्याने तिथे कायम "आज" असंच दिसणार. फोल्डरमधली कुठली फाइल कुणी वाचली याची नोंद ठेवता येते, पण ती आपणहोऊन सुरू नसते, मुद्दाम चालू करावी लागते. ती कुणी केलीच नव्हती. त्यामुळे "चोरी झाली नाही" असं कंपनीला म्हणता येत नाही आणि "झाली" असं मलाही म्हणता येत नाही.

हे फक्त आपल्या गावाकडेच होतं असं समजू नका. टोयोटासारख्या कंपनीचंही असंच झालं. त्यांच्या 'टी-कनेक्ट' सेवेच्या वेबसाइटचं काम करणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर 2017 मध्ये कोडचा काही भाग गिटहबवर उघडा ठेवला. त्यात सर्व्हरची चावी होती. ते लक्षात आलं सप्टेंबर 2022 मध्ये, जवळपास पाच वर्षांनी. प्रश्न 2,96,019 ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांचा होता. टोयोटानेही हेच सांगितलं: नोंदींवरून कुणी आत शिरल्याचं दिसत नाही, पण शिरलं नसेल असंही पूर्णपणे म्हणता येत नाही. फरक एवढाच, की त्यांनी दोन दिवसांत चावी बदलली, लोकांसमोर येऊन सांगितलं आणि माफी मागितली. आपल्याकडे पोराला काढलं.

म्हणून स्पष्टच लिहितो. चूक पोराची आहेच, पण ती सगळ्यात लहान चूक आहे. पहिल्या नोकरीतल्या पोराच्या फोनवर खऱ्या सभासदांच्या कागदपत्रांची चावी पाठवली कुणी? त्याला सरावासाठी खोटा डेटा आणि वेगळी चावी का दिली नाही? आणि त्याने स्वतःहून सांगितल्यावर त्याला हाकललंत, तर पुढचं पोरगं सांगेल का? ते गुपचूप ओळ पुसेल आणि गप्प बसेल.

करायला काय हवं होतं? चावी फुटली की पहिलं काम ती बंद करणं. रेपो साफ करणं त्यानंतर.

```
aws iam update-access-key --user-name app-user \
  --access-key-id AKIAIOSFODNN7EXAMPLE --status Inactive
```

ॲप तासभर बंद पडेल, पडू दे. इतिहासातून चावी खरवडून काढायची साधनं आहेत, पण तोवर कुणी प्रत उतरवली असेल, कुणी फोर्क केला असेल, तर तिथे तुमचा हात पोचत नाही. बदललेली चावी मात्र जिथे असेल तिथे निव्वळ लोखंड आहे.

पुन्हा होऊ नये म्हणून चावी कोडमध्ये लिहायचीच नाही. ती `.env` फाइलमध्ये ठेवायची आणि त्या फाइलचं नाव `.gitignore` मध्ये टाकायचं. यातही एक खड्डा आहे. `.env` एकदा जरी कमिट झालेली असेल तरी `.gitignore` तिला अडवत नाही. ती आधी गिटच्या यादीतून काढावी लागते:

```
git rm --cached .env
```

फाइल तुमच्या मशीनवर राहते, पुढच्या कमिटपासून गिट ती धरत नाही. जुन्या कमिटमध्ये मात्र ती आहेच, म्हणजे चावी बदलण्यातून सुटका नाही.

2024 पासून उघड्या रेपोंवर ओळखीच्या चाव्या चढायच्या आधीच गिटहब अडवतं. चांगलं आहे, पण त्यावर विसंबून झोपू नका. ठरावीक साच्याच्या चाव्याच ते ओळखतं. तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड `Ganpati@123` असेल तर ते त्याला कळेलच असं नाही. शिवाय कारण निवडून ती अडवणूक ओलांडताही येते.

आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चावीच नको. सर्व्हर ॲमेझॉनवरच असेल तर त्या सर्व्हरलाच 'रोल' देता येतो. मग त्याला काही तासांत आपोआप संपणारी तात्पुरती परवानगी मिळत राहते, आणि कुणाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला काही उरतच नाही. त्या रोलला फक्त तेवढंच फोल्डर वाचायची मुभा द्यायची. "आम्हा लहान संस्थांना परवडत नाही" हे मला सांगू नका. रोलला पैसे पडत नाहीत, `.gitignore` ला पडत नाहीत, चावी बदलायलाही पडत नाहीत.

राहिला कायदा. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं, असे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेत. इथे पंधरा दिवसांत एक पत्र आलं, तेही सभासदांना नाही, सचिवाला.

मित्राने त्याच संध्याकाळी कंपनीच्या साहेबांना समोर बसवून चावी बंद करून घेतली. ॲप चाळीस मिनिटं बंद होतं. सभासदांना कळवायचं की नाही यावर संचालक मंडळ अजून "विचार" करतंय.

सप्टेंबरअखेरपर्यंत पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतील. लाभांशावर बोलून झालं की उठून तीन प्रश्न विचारा. आमच्या कागदपत्रांची चावी कुणाकुणाकडे आहे? ती शेवटची कधी बदलली? आणि आमची फाइल कुणी उघडली याची नोंद कुठे आहे? "ते आमची कंपनी बघते" असं उत्तर आलं, तर समजा की कुणीच बघत नाही.

आणि त्या पोराला कुणी ओळखत असाल तर माझ्याकडे पाठवा. चूक झाल्यावर स्वतःहून सांगणारा माणूस मला कामावर हवाय.