दाखले तपासण्याचे पैसे कशाचे?

उत्तर प्रदेशातील देवरियाचा एखादा वेल्डर कतारमधील ठेकेदाराकडे पाइप वेल्डिंगच्या कामासाठी एजंटमार्फत अर्ज करतो. दोन दिवसांत निरोप येतो: दाखल्यांच्या पडताळणीसाठी 18 हजार रुपये आजच एका खात्यात जमा करा, अन्यथा जागा जाईल. मागणी खरी वाटते, कारण परदेशी ठेकेदार दाखले तपासतोच. मात्र ही तपासणी कशी होते हे ठाऊक असेल, तर या मागणीतील खोट लगेच दिसते.

वेल्डरकडे बहुधा दोन प्रकारचे दाखले असतात. पहिला आयटीआयचा. अलीकडच्या वर्षांतील असा दाखला ऑनलाइन पडताळता येतो. दुसरा आधीच्या मालकाने घेतलेल्या वेल्डिंग चाचणीचा, उदाहरणार्थ 45 अंशांत तिरक्या, स्थिर पाइपवरच्या 6जी चाचणीचा. एएसएमई संहितेनुसार चाचणी घेण्याची जबाबदारी ज्याच्या कामावर वेल्डर जाणार त्या संस्थेची असते. शिवाय सहा महिने ती पद्धत वापरली नाही, तर पात्रता संपते. म्हणून ठेकेदार जुना दाखला पाहतो. परंतु निर्णय देतो तो नव्या पाइपच्या तुकड्यावर. मुळाशी धातू नीट वितळला की नाही, हे क्ष-किरणाने किंवा वाकवून पाहिल्यावर कळते. पैसे भरून जुना दाखला 'ताजा' करून देणारी कोणतीही खिडकी या साखळीत नाही.

एजंटच्या मोबदल्याचीही सीमा ठरलेली आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या नियमानुसार परवानाधारक भरती एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपये घेऊ शकतो, आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. पडताळणी, 'फाइल चार्ज' किंवा 'जागा राखणे' अशा नावांनी या मर्यादेपलीकडे काही घेता येत नाही.

देवरियाच्या वेल्डरने म्हणून उलट विचारावे: परवाना क्रमांक काय? तो emigrate.gov.in वर सापडतो का? गावातला मध्यस्थ मोठ्या एजन्सीचे नाव सांगत असेल, तर त्या एजन्सीच्या नोंदीतील दूरध्वनीवरच खात्री करावी. ठेकेदाराचे मागणीपत्र पाहावे. पद, वेतन आणि कामाचे तास लेखी घ्यावेत. दाखल्यांच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद नाहीत. रोजगार व्हिसाऐवजी पर्यटक व्हिसा पुढे आला, तर तिथेच थांबावे. तक्रारीसाठी 1800 11 3090 हा नि:शुल्क क्रमांक आहे.

खरा एजंट या प्रश्नांनी दुखावत नाही. ज्याला ते खटकतात, त्याला दाखल्यांपेक्षा खात्यातील शिल्लकच अधिक तपासायची असते.