वाडग्यात उरलेला रंग

लग्नसराई जवळ आली की कोथरूडच्या पार्लरांत एक तक्रार हमखास येते. कर्वे रस्त्यावर असो की डहाणूकर कॉलनीत, खुर्चीत बसलेल्या काकू आरशात बघून म्हणतात, "मुळांशी रंग चढतच नाही गं. खाली बघ कसा काळाभोर आहे!" आणि आपल्यापैकी बऱ्याच जणी लगेच निर्णय घेतात की यावेळी मुळांना एक शेड गडद लावूया. चार नंबर चालू होता, आता तीन. हे संपादकीय त्या निर्णयाविरुद्ध आहे. अशा वेळी मुळांचा रंग बहुतेकदा बरोबर असतो. बिघडलेली असते ती लांबी.

एक हिशोब करून पाहू. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. पाठीपर्यंत, म्हणजे 45 सेंटिमीटर लांब केसाचं टोक डोक्यातून बाहेर येऊन 36 महिने झालेले असतात. काकू दर महिन्याला येत असतील, तर ते टोक आपल्या हाताखालून 36 वेळा गेलं. दर वेळी शेवटच्या पाच मिनिटांत आपण रंग कंगव्याने खाली ओढला असेल, तर त्या टोकावर एकूण 180 मिनिटं, म्हणजे तीन तास कायमचा रंग बसला. त्याच डोक्याच्या मुळांना मात्र आज पहिल्यांदाच, फक्त अर्धा-पाऊण तास रंग लागतो आहे. दोन्हीकडे एकच शेड दिसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आत काय घडतं ते नीट समजून घेऊ. कायमच्या रंगात पीपीडीसारखे लहान रेणू असतात. अमोनियामुळे केसाचं बाहेरचं आवरण फुगतं, हे रेणू आत शिरतात आणि डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. मोठे झाले की सहजी बाहेर पडत नाहीत, म्हणून रंग टिकतो. 20 व्हॉल्यूमचा डेव्हलपर याच वेळी केसाचा नैसर्गिक काळेपणा थोडा उतरवतो. त्यामुळे मुळांशी उरलेले काळे केस किंचित तपकिरी होतात, पांढऱ्यांना चार नंबर चढतो आणि सगळं मिळून उबदार तपकिरी दिसतं. लांबीवर उतरवायला नैसर्गिक रंग फारसा शिल्लक नसतो. तिथे आधी बसलेला कृत्रिम रंग असतो आणि नवा रंग तो काढू शकत नाही, त्यात फक्त भर घालतो. म्हणून चारावर चार लावत गेलं की काही महिन्यांनी तीन दिसतो, पुढे दोन.

त्यात टोकं पोरस असतात. रोजचा कंगवा, उन्हातली दुचाकी, ड्रायर आणि प्रत्येक वेळचा अमोनिया यांनी बाहेरचं आवरण झिजलेलं असतं. असा केस रंग लवकर आणि जास्त पितो. तो लाल छटा लवकर सोडतो आणि काळपटपणा धरून ठेवतो. त्यामुळे बर्गंडी किंवा महोगनी लावणाऱ्या ग्राहकाची टोकं कधी निस्तेज, कधी काळी दिसतात. त्यांचा रंग उडाला असं समजून आपण पुन्हा तोच रंग ओढतो आणि थर आणखी वाढतो.

उडालेला रंग आणि साठलेला रंग ओळखणं अवघड नाही. कोरडी, धुतलेली एक बट खिडकीपाशी पांढऱ्या टॉवेलवर धरा. मुळापासून दोन सेंटिमीटरवर, कानाच्या रेषेत आणि टोकाशी, अशा तीन जागी शेडकार्ड लावून नंबर लिहून ठेवा. उडालेलं टोक उजेडात तांबूस दिसतं. साठलेल्या टोकातून उजेड जाताना तपकिरी झाक दिसत नाही, सपाट काळं दिसतं. ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही.

आता उपाय. सवय मोडायची ती वाडग्यापासून. रंग उरला की काकू स्वतःच म्हणतात, "अगं, उरलाय तो खाली लाव की, फुकट कशाला घालवतेस?" त्यांचं म्हणणं काटकसरीचं आहे, म्हणून उरणारच नाही असं कालवायचं. सव्वा-दीड सेंटिमीटरच्या वाढीसाठी 60 ग्रॅमची पूर्ण ट्यूब लागत नाही. बहुतेक डोक्यांना 25 ते 30 ग्रॅम पुरतात. डेव्हलपर ट्यूबवर दिलेल्या प्रमाणात घ्या. केस फारच दाट असतील तर थोडं पुन्हा कालवता येतं.

रंग लावण्याआधी जुन्या रंगाच्या लांबीवर साधा कंडिशनर लावा. अर्ध्या सेंटिमीटरचे पातळ भाग घ्या आणि ब्रश जुन्या रंगाच्या रेषेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबवा, कारण क्रीम आपोआप थोडं खाली सरकतं. वेळ ट्यूबवर लिहिली असेल तेवढीच. धुताना थोडं पाणी घालून चोळायचं ते टाळूवरच, आणि रंगाचं पाणी लांबीत मुरू न देता लगेच वाहतं करायचं.

लांबी खरंच निस्तेज असेल तर तिला वेगळी सेवा द्या. अमोनिया नसलेला डेमी-परमनंट रंग, मुळांपेक्षा एक शेड फिका, 6 ते 10 व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये, टॉवेलने टिपलेल्या केसांवर पाच ते दहा मिनिटं. टोकं सर्वांत शेवटी, आणि नजर बटेवर. तीन-चार भेटींतून एकदा पुरे. याचे पैसे स्वतंत्र घ्या. म्हणजे ग्राहकालाही कळतं की ही उरलेल्या रंगाची भर नाही.

आधीच साठलेल्या रंगाचं काय? वरच्या काकूंच्या बाबतीत मुळांना चार नंबर तसाच ठेवायचा, लांबीचा रंग पूर्ण बंद करायचा आणि टोकाचे तीन-चार सेंटिमीटर कापायचे. एवढ्यावर भागलं नाही तर कलर रिमूव्हर वापरा. तो जोडलेले रंगाचे रेणू पुन्हा सुटे करतो. पण नंतर कंपनीने सांगितलं आहे तितका वेळ धुतलं नाही, तर आत राहिलेले रेणू हवेने पुन्हा जोडले जातात आणि काही दिवसांत टोक परत काळं पडतं. नव्या हाताकडून इथेच चूक होते. एका भेटीत सगळं उतरवायचा हट्ट धरू नका. आधी मागच्या बाजूची एक बट करून पाहा.

बट आधी पाहायचं आणखी एक कारण आहे. घरी मेंदी, नीळ किंवा काळी मेंदी लावली होती का, हे विचारल्याशिवाय रिमूव्हर उघडू नका. मेंदी आणि नीळ यांवर तो चालत नाही. निळीवर ब्लीच घेतलं तर केस हिरवट होऊ शकतात. पुड्यांतल्या काळ्या मेंदीत पीपीडी असू शकतं आणि इतर काय असेल ते वेष्टन वाचूनच कळतं. महिन्यातून दोनदा आंघोळीच्या वेळी शांपूचा रंग पूर्ण केसांना फासणाऱ्या ग्राहकाला पार्लरमधली कितीही काळजी पुरणार नाही. तिला ते स्पष्ट सांगा.

आमची विनंती एवढीच. या महिन्यापासून प्रत्येक ग्राहकाच्या कार्डावर मुळं, मध्य आणि टोक असे तीन नंबर लिहा, आणि टचअपला रंग टोकापर्यंत ओढणं थांबवा. सहा महिन्यांनी तीच बट खिडकीपाशी धरून कार्डाशी ताडून पाहा आणि आकडे आम्हाला कळवा.